वीस टक्के बॉटलनेक, पण कशाचे?

नवा गेमिंग पीसी असेंबल करायला निघालेला माणूस हल्ली दुकानात पाऊल टाकण्याआधी एखादं बॉटलनेक कॅल्क्युलेटर उघडून बसतो. एका चौकटीत प्रोसेसर निवडायचा, दुसरीत ग्राफिक्स कार्ड, तिसरीत पडद्याचं रिझोल्यूशन, की बटण दाबायचं. क्षणात उत्तर हजर: बॉटलनेक १७.३ टक्के. आकडा लाल असला की जीव धास्तावतो आणि प्रोसेसरचं बजेट पाच-सात हजारांनी वाढतं. बऱ्याच ठिकाणी त्या लाल आकड्याच्या खालीच ‘याऐवजी हा घ्या’ अशी शिफारस आणि खरेदीची लिंकही असते, हे जाता जाता लक्षात ठेवलेलं बरं.

या उत्तरातलं दशांश चिन्ह मला सगळ्यात जास्त खटकतं. १७ नाही, १८ नाही, १७.३. एवढी अचूकता म्हणजे कोणीतरी मोजमाप केलं असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही निवडलेली जोडी एकत्र बसवून त्यावर गेम चालवून पाहण्याचा त्यात सहसा काही संबंध नसतो. दोन भागांचे आधीच ठरलेले गुण असतात आणि त्यांच्यातल्या फरकाला एखादं सूत्र लावलेलं असतं. ते सूत्र काय, हे बहुतेक कॅल्क्युलेटर सांगत नाहीत. त्यामुळे हे टक्के नेमके कशाचे आहेत, हा साधा प्रश्न तसाच राहतो.

त्याचं उत्तर शोधायचं तर गेममधली एक फ्रेम कशी तयार होते ते पाहावं लागेल.

पडद्यावर दिसणारा गेम म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. प्रत्येक चित्रासाठी आधी प्रोसेसरला काम असतं. तुम्ही माउस कुठे हलवला, शत्रू कुठे पोचला, गाडी भिंतीवर आदळली की नाही, रस्त्यावर किती माणसं चालताहेत, हे सगळं तो ठरवतो आणि ‘आता हे हे काढ’ अशी सूचनांची यादी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतो. कार्ड त्या यादीप्रमाणे एकेक पिक्सेल रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. स्वयंपाकघरात एक जण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय, तशीच ही जोडी. लाटणारा मंद असेल तर तवा रिकामा तापत राहतो, भाजणारा मंद असेल तर लाटलेल्या पोळ्या पडून राहतात. डब्यात पोळ्या पडतात त्या दोघांतल्या मंद माणसाच्या वेगाने.

म्हणून प्रोसेसर आणि कार्ड, दोघांचीही प्रत्येक गेममध्ये एक वेगवेगळी कमाल मर्यादा असते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दोघांनाही आपापलं काम १६.७ मिलिसेकंदांत उरकावं लागतं, १४४ फ्रेम हव्या असतील तर जेमतेम ७ मिलिसेकंदांत. यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रिझोल्यूशन वाढवलं की कार्डाचं काम वाढतं, कारण रंगवायचे पिक्सेल वाढतात: १०८०पी पडद्यावर सुमारे २१ लाख, १४४०पीवर ३७ लाख, ४केवर ८३ लाख. प्रोसेसरच्या कामात मात्र जवळजवळ काही फरक पडत नाही. शत्रू कुठे आहे हे ठरवायला पडदा किती बारीक आहे याच्याशी काय देणंघेणं?

आता एक जोडी घेऊन हिशेब करू. आपल्याकडच्या मध्यम बजेटच्या पीसीत सहज दिसणारी जोडी: एएमडीचा सहा कोरचा रायझन ५ ५६०० आणि एनव्हिडियाचं ८ जीबीचं आरटीएक्स ४०६०. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेले आहेत, ते कुठल्या चाचणीतले नाहीत. समजा, एका शहरभर फिरायच्या गेममध्ये हा प्रोसेसर सेकंदाला १२० फ्रेमचं काम पुरवू शकतो. कार्ड त्याच गेममध्ये १०८०पीवर १५०, १४४०पीवर ९५ आणि ४केवर ४५ फ्रेम रंगवू शकतं.

१०८०पीवर तुम्हाला १२० फ्रेम मिळतील. कार्डाची १५०ची ताकद आहे, त्यातली ३०ची वाया जाते, म्हणजे २० टक्के. कॅल्क्युलेटरच्या भाषेत हा २० टक्के प्रोसेसर बॉटलनेक. तीच जोडी, तोच गेम, फक्त पडदा १४४०पीचा घेतला तर मिळतील ९५ फ्रेम, आणि आता १२०च्या ताकदीचा प्रोसेसर २१ टक्के वेळ हातावर हात धरून बसेल. म्हणजे बॉटलनेक २१ टक्केच, पण उलट्या बाजूचा. ४केवर फ्रेम ४५ आणि प्रोसेसर साठ टक्क्यांहून जास्त रिकामा. आणि समजा घरी ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर आहे आणि फ्रेम त्याच्या वेगाला बांधून ठेवल्या आहेत, तर १०८०पीवर ६० फ्रेम मिळतील, तेव्हा प्रोसेसरही निम्मा रिकामा आणि कार्ड त्याहून जास्त. बॉटलनेक कुठे आहे? मॉनिटरमध्ये. त्याची चौकट कॅल्क्युलेटरात सहसा नसतेच.

निदान रिझोल्यूशन तरी विचारतात ना, असं कोणी म्हणेल. विचारतात, पण तेही आता पुरेसं राहिलेलं नाही. १४४०पीच्या पडद्यावर डीएलएसएसचा ‘क्वालिटी’ पर्याय निवडला की कार्ड प्रत्यक्षात सुमारे १७०७ बाय ९६० पिक्सेलचंच चित्र रंगवतं आणि ते ताणून मोठं करतं. ४केवर ‘परफॉर्मन्स’ निवडलं तर आतलं चित्र असतं १०८०पीचं. म्हणजे आपल्या हिशेबातली ९५ची मर्यादा एक बटण दाबल्यावर समजा १३५वर जाते, आणि आत्तापर्यंत निवांत असलेला प्रोसेसर पुन्हा मागे पडतो. चौकटीत तुम्ही ‘१४४०पी’ निवडलेलं असतं आणि ते खोटंही नसतं.

याच हिशेबात आणखी दोन गमती आहेत. पहिली: १०८०पीवरचा ‘२० टक्के बॉटलनेक’ घालवायला तुम्ही १७० फ्रेम पुरवणारा महाग प्रोसेसर घेतलात. आता फ्रेम १२०च्या १५० होतील, वाढ २५ टक्के. म्हणजे तो २० टक्क्यांचा आकडा ना मिळणाऱ्या वाढीचा होता, ना होणाऱ्या तोट्याचा. तो रिकाम्या बसलेल्या कार्डाचा होता. तोच महाग प्रोसेसर १४४०पीवर मात्र एकही फ्रेम वाढवणार नाही. दुसरी गंमत जास्त बोलकी. प्रोसेसर तसाच ठेवून तुम्ही कार्ड मोठं घेतलंत, १०८०पीवर २२० फ्रेम रंगवणारं. बॉटलनेक २० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर उडी मारेल आणि आकडा लालभडक होईल. गेम मात्र पूर्वीइतक्याच १२० फ्रेमने चालेल, एकही कमी नाही. उलट त्या रिकाम्या ताकदीवर सावल्या, प्रतिबिंबं, रिझोल्यूशन सगळं वर नेता येईल. कॅल्क्युलेटरात ‘बिघडलेली’ जोडी प्रत्यक्ष पडद्यावर सुधारलेली असू शकते. मोठं कार्ड घेतलं तर प्रोसेसर ‘त्याला ओढून खाली आणेल’ ही भीती या आकड्यानेच पसरवली आहे.

आणि कार्डाची मर्यादा लागणं हा मुळात दोषच नाही. गेम खेळताना कार्ड ९७-९९ टक्के कामात असणं म्हणजे ज्या भागावर सगळ्यात जास्त पैसे घातले तो पुरेपूर वापरला जातोय. ४के निवडल्यावर ‘ग्राफिक्स कार्ड बॉटलनेक ३५ टक्के’ असा इशारा वाचून घाबरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ४केवर जवळजवळ सगळ्याच जोड्या अशा असतात. कुठल्या तरी एका भागाची मर्यादा लागणारच. शून्य टक्के बॉटलनेक म्हणजे एका गेमच्या एका दृश्यात योगायोगाने जुळलेले दोन आकडे. पुढच्या चौकात गर्दी वाढली की ते फिसकटतात.

इथे गेमचा स्वभाव येतो. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट खेळणारा माणूस मुद्दाम सेटिंग खाली ठेवून शे-दोनशे फ्रेमच्या पुढे जायला बघतो. तिथे कार्डाला फारसं काम नसतं, सगळा भार प्रोसेसरवर. सायबरपंक २०७७मध्ये रे ट्रेसिंग चालू केलं की कार्ड घामाघूम होतं, पण त्याचबरोबर प्रोसेसरचंही काम वाढतं, कारण किरण कुठे आदळतील हे शोधायला लागणारी दृश्याची रचना सांभाळण्यात त्याचाही वाटा असतो. बाल्डर्स गेट ३मध्ये तर एकाच गेमात दोन स्वभाव सापडतात. सुरुवातीच्या रानावनात चांगला चालणारा पीसी तिसऱ्या अंकातल्या शहरात, माणसांच्या गर्दीत, अडखळायला लागतो. तेच भाग, तीच सेटिंग, तोच गेम. काही कॅल्क्युलेटर ‘सर्वसाधारण काम’, ‘प्रोसेसरचं जड काम’, ‘ग्राफिक्सचं जड काम’ असे तीन पर्याय देतात. त्यांतला कुठला निवडायचा हे ठरवण्याइतकं ज्याला कळतं, त्याला कॅल्क्युलेटरची गरज उरत नाही, ही खरी पंचाईत आहे.

बरं, सूत्र बाजूला ठेवू. पण त्या सूत्रात जाणारे गुण तरी भरवशाचे असतात का? प्रोसेसरची सगळी कुवत एका आकड्यात बसवायची म्हटलं की कुठल्या कामाला किती वजन द्यायचं हे कोणीतरी ठरवतं. २०१९मध्ये यूजरबेंचमार्क या तुलना करणाऱ्या संकेतस्थळाने एकूण गुणांमध्ये अनेक कोर एकत्र वापरणाऱ्या कामाचं वजन १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं. त्या दिवशी कुठलाही प्रोसेसर हळू किंवा जलद झाला नव्हता, पण क्रमवारी उलटीपालटी झाली आणि चार कोरचा एक कोअर आय३ अठरा कोरच्या कोअर आय९च्या वर जाऊन बसला. वजन १० असावं की २, यावर वाद घालता येईल. पण एका वजनावर एवढं अवलंबून असेल, तर त्या गुणांतून निघालेल्या टक्केवारीला दशांश चिन्ह कसं शोभतं?

वजन कितीही नीट ठरवलं तरी एकच आकडा कुठे तोकडा पडतो, याचं उत्तम उदाहरण एएमडीनेच दिलं आहे. रायझन ७ ५८००एक्स २०२०च्या अखेरीस आला. २०२२च्या एप्रिलमध्ये त्याचाच भाऊ ५८००एक्स३डी आला. दोघांत आठच कोर, आतली रचना तीच, उलट नव्याचा कमाल वेग कमी: ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. बदल एकच, एल३ कॅशे ३२ एमबीवरून ९६ एमबी. त्रिमितीय चित्रं तयार करण्याच्या सिनेबेंचसारख्या चाचणीत नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा किंचित मागेच राहतो. गेम मात्र वेगळं काम आहे. तिथे प्रोसेसर सतत विखुरलेली माहिती शोधत असतो, आणि ती जवळच्या कॅशेत सापडली तर रॅमपर्यंतची लांबची फेरी वाचते. त्यामुळे काही गेममध्ये ५८००एक्स३डी वीस टक्क्यांहून जास्त पुढे जातो, तर काहींत दोघं जवळजवळ बरोबरीने धावतात. सर्वसाधारण चाचणीच्या गुणांवर चालणारं सूत्र हा प्रोसेसर बघून म्हणणार की जुनाच बरा होता. गेमसाठी मुद्दाम वेगळे गुण दिले तरी ते सरासरीच असणार, आणि सरासरी कोणी खेळत नाही.

तरीही एक शंका उरते. प्रोसेसरची मर्यादा आणि कार्डाची मर्यादा दोन्ही अगदी अचूक माहीत असतील, तर कमी ती खरी, एवढं तरी सूत्र पक्कं ना? बऱ्याच अंशी हो, पण तिथेही एक चोरवाट आहे: कार्डाचा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर प्रोसेसरवरच चालतो. गेमने दिलेल्या सूचना कार्डाला समजतील अशा करून देण्याचं काम त्याचं, आणि त्यासाठी प्रत्येक कंपनीचा ड्रायव्हर प्रोसेसरचा कमीजास्त वेळ खातो. म्हणजे कार्ड बदललं की प्रोसेसरची मर्यादासुद्धा थोडी सरकते. २०२१मध्ये हार्डवेअर अनबॉक्स्ड या ऑस्ट्रेलियन यूट्यूब चॅनलने दाखवलं, की काही डायरेक्टएक्स १२ गेममध्ये जुन्या, मंद प्रोसेसरवर एरवी वेगवान असलेली जीफोर्स कार्डं खालच्या पायरीच्या रेडिऑन कार्डांच्या मागे पडतात. त्याहून ठळक प्रकार इंटेलच्या आर्क बी५८०चा. डिसेंबर २०२४मध्ये हे १२ जीबीचं स्वस्त कार्ड आलं तेव्हा परीक्षणांत ते आरटीएक्स ४०६०च्या बरोबरीने किंवा पुढे दिसलं आणि कमी बजेटवाल्यांचं लाडकं झालं. परीक्षणं अर्थातच सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावून केलेली होती. महिन्याभरात लोकांनी तेच कार्ड रायझन ५ २६००सारख्या जुन्या आणि ५६००सारख्या मध्यम प्रोसेसरबरोबर तपासलं, तर काही गेममध्ये ते ४०६०च्या बरंच मागे पडलं. स्वस्त कार्ड स्वस्त प्रोसेसरबरोबरच घेतलं जातं, नेमकी तिथेच गोची. ही गोष्ट दोन्ही भागांचे सुटे गुण कितीही पाहिले तरी कळणारी नव्हती. दोन्ही एकत्र बसवून चालवल्याशिवाय ती दिसतच नाही, आणि कॅल्क्युलेटर नेमकं तेच करत नाही.

मग खरेदीआधी अंदाज घ्यायचा कसा? चाचण्या करणाऱ्या मंडळींची एक जुनी शिस्त इथे कामाला येते. प्रोसेसरचं परीक्षण करताना ते बाजारातलं सगळ्यात ताकदवान कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन १०८०पी किंवा त्याहून कमी ठेवतात, म्हणजे कार्ड आड येत नाही आणि दिसणारा आकडा प्रोसेसरची मर्यादा असतो. कार्डाचं परीक्षण करताना उलट, सगळ्यात वेगवान प्रोसेसर. म्हणजे आपल्याला हवे असलेले दोन्ही आकडे गेमर्स नेक्सस, टेकपॉवरअप, हार्डवेअर अनबॉक्स्ड अशा ठिकाणी मोजून ठेवलेले मिळतात, तेही गेमवार. आपण खेळतो तो गेम घ्यायचा, प्रोसेसरच्या परीक्षणातून पहिला आकडा उचलायचा, कार्डाच्या परीक्षणातून आपल्या रिझोल्यूशनचा दुसरा. दोन्हींतला लहान तो आपला अंदाज. मग आपल्या मॉनिटरच्या हर्ट्झकडे बघायचं. दोन्ही आकडे त्याच्या वर असतील तर त्या गेमपुरती चिंता मिटली. सेटिंग दोन्हीकडे सारखी आहेत ना हे तपासावं लागतं, आणि आपला गेम परीक्षणात नसेल तर त्याच स्वभावाचा दुसरा पाहावा लागतो. बटण दाबण्याइतकं सोपं नाही, पण चहा होईपर्यंत आटपतं.

असे आकडे पाहताना सरासरी फ्रेमबरोबर ‘१ टक्का लो’ हा दुसरा आकडाही बघावा. सगळ्यात मंद निघालेल्या १ टक्का फ्रेमचा वेग त्यातून समजतो. सरासरी ९० असूनही हा आकडा ३५ असेल तर मध्येमध्ये गचके बसणार. प्रोसेसर कमी पडला की तो अनेकदा असा पडतो: एरवी सगळं ठीक, पण गाडी वेगात नव्या भागात शिरली की क्षणभर चित्र थबकतं. ८ जीबीच्या कार्डाची मेमरी अपुरी पडली तरी गचकेच बसतात, आणि लोक बिचाऱ्या प्रोसेसरला दोष देतात. दोन्हींतला फरक ओळखायला टेक्स्चरची प्रत एक पायरी खाली आणून पाहावी. त्याने प्रोसेसरच्या कामात विशेष फरक पडत नाही, त्यामुळे गचके गेले तर कारण मेमरी होतं.

पीसी आधीच घरात असेल तर अंदाजाचीही गरज नाही, सरळ मोजता येतं. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारा रिव्हाट्यूनर बसवला की खेळताना कोपऱ्यात फ्रेमचा वेग आणि कार्डाचा वापर दिसत राहतो. दोन्ही फुकट आहेत. आधी व्ही-सिंक आणि फ्रेमवरची कुठलीही मर्यादा बंद करायची, कारण ती चालू असली की कार्ड रिकामंच दिसणार. मग गेममधली एखादी गजबजलेली, परत परत गाठता येणारी जागा निवडायची. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर मर्यादा कार्डाची. तो ७०-८०वर घुटमळत असेल आणि फ्रेम वाढत नसतील तर संशय प्रोसेसरवर. खात्री करायला रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणायचं. फ्रेम झपकन वाढल्या तर कार्ड मंद होतं, जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर किंवा त्याच्या मागे असलेली रॅम.

यात एक चूक सर्रास होते. लोक टास्क मॅनेजर उघडतात, प्रोसेसरचा वापर ४० टक्के बघतात आणि म्हणतात, हा तर निवांत आहे. ५६००मध्ये सहा कोर आणि बारा थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच पूर्ण क्षमतेने धावत असला तरी एकूण वापरात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के दिसेल. बाकीचे थ्रेड त्याची वाट बघत बसलेले असतात. म्हणून प्रोसेसरची मर्यादा प्रोसेसरच्या टक्क्यांवरून नव्हे, कार्डाच्या टक्क्यांवरून ओळखायची. इंटेलच्या प्रेझेंटमॉन या मोफत साधनात तर ‘जीपीयू बिझी’ नावाचा आकडाच असतो: एका फ्रेमच्या एकूण वेळेपैकी कार्ड खरोखर किती मिलिसेकंद कामात होतं. फ्रेमला १२ मिलिसेकंद लागले आणि कार्ड त्यातले फक्त ७ कामात होतं, तर उरलेला वेळ ते सूचनांची वाट बघत होतं.

इतकं सगळं असूनही कॅल्क्युलेटर अगदीच टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. दहा वर्षांपूर्वीच्या दोन कोरच्या कोअर आय३ला कोणी पाऊण लाखाचं कार्ड लावायला निघालं असेल तर तिथला लाल आकडा बरोबर आहे. फक्त तो ७१.४ टक्के आहे म्हणून नव्हे. जोडी फारच विजोड असली की कुठल्याही सूत्राने तेच उत्तर येतं. ५ ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात मात्र, जिथे बहुतेक खऱ्या खरेद्या असतात आणि जिथे सल्ल्याची खरी गरज असते, तिथे त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आणि मोजून पाहिल्यावर ५६०० खरोखरच कमी पडतोय असं दिसलं, तरी लगेच नवा प्रोसेसर शोधू नये. आधी रॅम बघावी. आपल्याकडे असेंबल पीसीत पैसे वाचवायला १६ जीबीची एकच स्टिक बसवलेली बऱ्याचदा आढळते. मग मेमरी सिंगल चॅनलमध्ये चालते आणि प्रोसेसरला माहिती निम्म्या रुंदीच्या वाटेने मिळते. स्टिकवर ३२०० लिहिलेलं असतं, पण बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलेलं नसल्यामुळे ती प्रत्यक्षात २१३३, २४०० किंवा २६६६वर धावत असते. कॅल्क्युलेटर रॅमबद्दल क्वचितच काही विचारतं, त्यामुळे त्याला हे कळायचा मार्गच नाही. आधी एक्सएमपी चालू करावं, त्याला काही खर्च नाही. मग त्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी स्टिक टाकून तीच गजबजलेली जागा पुन्हा मोजावी. एवढं करूनही कार्ड ७० टक्क्यांवरच अडकलेलं दिसलं तर प्रोसेसर बदलण्याला अर्थ आहे, आणि एएम४ बोर्ड असेल तर बायोस अपडेट करून मोठ्या कॅशेचा एक्स३डी प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये बसतो का, हे बोर्ड कंपनीच्या सुसंगत प्रोसेसरांच्या यादीत पाहून घ्यावं. नवा बोर्ड आणि नवी डीडीआर५ रॅम घ्यायचा खर्च त्याने वाचतो.